ब्लूम फिल्टरचा ‘नाही’ किती पक्का? : बिबट्या, ऊसतोड आणि एक अर्धा र

कानात हेडफोन घालून बसमध्ये ऐकत असाल तर ऐका, आणि वाचत असाल तर बरंच, कारण आज मध्ये मध्ये थोडा कोड येणार आहे. तो बोलून दाखवणं अवघड, म्हणून खाली लिहून दिलाय.

कॉम्प्युटरवाल्यांमध्ये एक वाक्य फार पाठ असतं. इंटरव्ह्यूला विचारतात, व्हिडिओमध्ये सांगतात. ब्लूम फिल्टर फॉल्स पॉझिटिव्ह देऊ शकतो, पण फॉल्स निगेटिव्ह कधीच देत नाही. म्हणजे तो ‘आहे’ म्हणाला तर चुकू शकतो, पण ‘नाही’ म्हणाला तर ते पक्कं. मीही हे वाक्य पाठ केलं होतं. आणि दोन वर्षांपूर्वीच्या ऊस हंगामात याच वाक्याच्या भरवशावर मी एक गोष्ट केली, ती आज सांगतो.

आधी जागा सांगतो. आमचं घर आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या पुढे. मामाचं गाव जुन्नरमध्ये, नारायणगावच्या बाजूला. या पट्ट्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे बिबट्या जंगलात कमी आणि उसात जास्त राहतो. ऊस दहा-बारा महिने उभा असतो, आत गारवा, पाणी, लपायला जागा, आणि बाहेर कुत्री, शेळ्या, वासरं. मादी पिल्लंही उसातच घालते. मग दिवाळीनंतर तोड सुरू झाली की कोयता चालवणाऱ्यांना पिल्लं सापडतात, आणि त्यांची आई जवळच कुठंतरी असते. तोडणीच्या टोळ्या येतात बीड, नगर अशा लांबच्या भागांतून. त्यांना इथलं शिवार माहीत नसतं. मोकळ्या रानात कोपी घालतात आणि पोरंबाळं घेऊन तिथंच झोपतात.

माझा मावसभाऊ तेव्हा स्लिप बॉय म्हणून काम करायचा. माझ्यापेक्षा मोठा, म्हणून दादा. कोणत्या शेताची तोड कधी, कुठली टोळी कुठं, हे सगळं त्याच्या वहीत. त्याच वहीत मागच्या पानांवर त्यानं आणखी एक यादी ठेवली होती. कुठल्या वस्तीवर, कुठल्या मळ्यात, कुठल्या शिवारात लोकांनी बिबट्या पाहिला, ठसे पाहिले किंवा जनावर गेलं, ती नावं. दोन हंगामांची मिळून आठशे नावं झाली होती. सरकारी काही नाही, लोकांनी सांगितलेलं आणि त्यानं लिहिलेलं.

तो मला म्हणाला, “अरे, तू कॉम्प्युटरमधला माणूस. ही यादी मुकादमांच्या फोनमध्ये जाईल असं काहीतरी कर की. कोपी कुठं घालायची ते तरी बघून घालतील.”

अडचण एकच होती. कित्येक रानांत रेंज नाही. डेटा पॅक संपलेला असतो. दर आठवड्याला नवीन यादी डाउनलोड करा, हे कोण करणार? मग मला सुचलं की यादीच क्यूआर कोडमध्ये घालायची. अॅप एकदा कुणाकडून तरी फोनमध्ये घ्यायचं, आणि चहाच्या टपरीवर, वजनकाट्यापाशी पोस्टर लावायचं. मुकादम स्कॅन करेल, यादी फोनमध्ये. नेट लागतच नाही.

पण क्यूआर कोडमध्ये जास्तीत जास्त २९५३ बाइट मावतात. देवनागरी अक्षराला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात, तेव्हा आठशे नावं म्हणजे पंचवीस-तीस हजार बाइट. एका कोडमध्ये बसणं शक्य नाही. इथं ब्लूम फिल्टर आला.

१९७० साली बर्टन ब्लूम नावाच्या माणसानं हे लिहिलं. त्याच्या लेखातलं उदाहरण छान आहे: छापताना ओळीच्या शेवटी इंग्रजी शब्द कुठं तोडायचा, हा प्रश्न. त्यानं पाच लाख शब्द धरले, त्यातले नव्वद टक्के साध्या नियमांनी तुटतात. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी डिस्कवरचा कोश उघडावा लागतो. पण हा शब्द त्या दहा टक्क्यांतला आहे की नाही, एवढंच छोट्या जागेत आधी कळलं तर? थोडं चुकून ‘आहे’ म्हटलं तरी फक्त एक जादा फेरी पडते.

आता हे चालतं कसं ते दिव्यांवरून सांगतो. भिंतीवर सोळा दिवे आहेत, सगळे बंद. कुठलंही नाव दिलं की त्यावरून तीन आकडे काढून देणारं एक यंत्र आहे, त्याला हॅश म्हणतात. तेच नाव दिलं की तेच तीन आकडे, कितीही वेळा दिलं तरी. समजा ‘नारायणगाव’ दिलं आणि २, ७, ११ आले. ते तीन दिवे लावले. मग ‘मंचर’ दिलं, ४, ७, १४ आले. ७ आधीच लागलेला होता, तो तसाच राहिला, ४ आणि १४ लावले. झाली यादी. नावं कुठंच लिहिलेली नाहीत, फक्त पाच दिवे लागलेत.

आता कुणी विचारलं, ‘बेल्हे’ आहे का यादीत? यंत्रानं ३, ७, ११ दिले. ३ नंबरचा दिवा बंद आहे. बेल्हे कधी यादीत घातलं असतं तर तो लागलाच असता. म्हणजे बेल्हे नाही, नक्की नाही. मग कुणी ‘घोडेगाव’ विचारलं, आणि आले २, ४, १४. तिन्ही लागलेले! दोन नारायणगावनं लावला, चार आणि चौदा मंचरनं. घोडेगाव कधी घातलंच नाही, तरी फिल्टर ‘आहे’ म्हणणार. हा फॉल्स पॉझिटिव्ह. (आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, घोडेगावकरांनी रागावू नये.)

सिद्धता एवढीच आहे. घातलेल्या नावाचे सगळे दिवे लागतात, लागलेला दिवा कधी विझत नाही, आणि विचारताना तेच आकडे येतात. म्हणून घातलेल्या नावाला ‘नाही’ येणं शक्य नाही. मी ही सिद्धता वाचली तेव्हा मला त्यात काही अवघड दिसलं नाही. ‘विचारताना तेच आकडे येतात’ या तुकड्यावरून तर मी सरळ पुढे गेलो.

आमच्या पोस्टरसाठी मी ८००० बिट घेतले, म्हणजे दिवे. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा १००० बाइट. क्यूआर मोठा होतो, पण साधा फोन वाचतो. नावागणिक दहा बिट आले, आणि त्याला सात हॅश चांगले बसतात. अशा फिल्टरमध्ये साधारण निम्मे दिवे लागलेले असतात. अनोळखी नावाचे सातच्या सात दिवे लागलेले सापडण्याची शक्यता ०.८ टक्के, म्हणजे सव्वाशे नावांत एखादं. ते मला चालणार होतं. चुकून ‘असू शकेल’ आलं तर मुकादम कोपी दोन शेतं सोडून घालेल, फार काही बिघडत नाही. उलटी चूक मात्र चालणार नव्हती. आणि ती तर ‘कधीच होत नाही’!

पहिला धक्का गावात पोचायच्या आधीच बसला. रात्री लॅपटॉपवर पायथनमध्ये फिल्टर बनवला, आठशेची आठशे नावं विचारून पाहिली, सगळी सापडली. फिल्टर फाइलमध्ये ठेवून झोपलो. सकाळी प्रोग्राम पुन्हा सुरू केला, तीच फाइल वाचली, तीच नावं विचारली. आठशेपैकी सात सापडली.

सात! मला आधी वाटलं फाइल खराब झाली. मग त्या आकड्याकडे नीट पाहिलं. आठशेचे ०.८ टक्के म्हणजे साधारण साडेसहा. फिल्टर माझ्या स्वतःच्या नावांना अनोळखी पाहुण्यांसारखा वागवत होता, आणि सात जण निव्वळ योगायोगानं आत शिरले होते. असा आकडा दिसला की समजावं, दिवे ठीक आहेत, आकडे काढणारं यंत्र बदललंय.

झालं होतं असं. मी पायथनचं तयार `hash()` वापरलं होतं. पायथन ३.३ पासून मजकुरासाठी हे फंक्शन दर वेळी प्रोग्राम सुरू होताना नवा गुप्त आकडा मिसळतं. त्यामागे कारण आहे: कुणी मुद्दाम एकाच खणात पडणारी हजारो नावं पाठवून सर्व्हर बसवू नये. म्हणजे तेच नाव, पण आज वेगळा आकडा, उद्या वेगळा. एकाच बैठकीत चाचणी घेतली तर सगळं बरोबर दिसतं. म्हणून रात्री मला काही कळलं नाही.

मग एसएचए-२५६ घेतलं, जे कुठल्याही मशीनवर, कुठल्याही भाषेत, कुठल्याही दिवशी तेच उत्तर देतं. त्याच्या उत्तरातले दोन तुकडे घेऊन सात आकडे बनवले:

```python
import hashlib

def jaga(nav, m=8000, k=7):
    d = hashlib.sha256(nav.encode("utf-8")).digest()
    a = int.from_bytes(d[:4], "big")
    b = int.from_bytes(d[4:8], "big")
    return [(a + i*b) % m for i in range(k)]
```

चारच बाइटांचे तुकडे का, असं कुणी विचारेल. फोनवरचं अॅप जावास्क्रिप्टमध्ये होतं, आणि तिथला साधा आकडा ५३ बिटांच्या पुढे अचूक राहत नाही. आठ बाइटांचे तुकडे घेतले असते तर लॅपटॉप एक आकडा काढता आणि फोन दुसरा. ही चूक मी केली नाही, पण ती माझ्या हुशारीनं टळली असं सांगितलं तर खोटं होईल. एका मित्रानं कोड बघताना टोकलं.

पोस्टर लागली. पहिला आठवडा छान गेला. दादा रोज फोन करून सांगायचा, आज अमक्या टोळीनं बघून कोपी हलवली, आज तमक्यानं. मी खूश.

दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी त्याचा फोन आला, आवाज वेगळा. म्हणाला, “तुझं ते अॅप काय सांगतंय बघ जरा. मुकादमानं खोऱ्याचा मळा टाकला, तर नाही म्हणतंय. मी स्वतः लिहिलंय ते नाव वहीत. चार दिवसांपूर्वी तिथं कालवड गेली.” (मळ्याचं नाव मी बदललंय.)

कोप्या घालून झाल्या होत्या. सहा-सात कुटुंबं. दादा मोटरसायकलवर स्वतः गेला, रातोरात सगळ्यांना तिथून उठवून गावातल्या शाळेच्या पडवीत आणलं. कुणाला काही झालं नाही. पण ती रात्र मला झोप लागली नाही.

मी लॅपटॉपवर ‘खोऱ्याचा मळा’ विचारलं. ‘असू शकेल’ आलं. दादाला फोनवरून पुन्हा टाकायला सांगितलं. ‘नाही’. पुन्हा टाकलं, पुन्हा ‘नाही’. पोस्टर तेच, फिल्टर तोच, नाव तेच. मग त्याला म्हटलं, तू टाइप केलेलं नाव मला मेसेज कर. आलं, ते कॉपी करून लॅपटॉपवर विचारलं. ‘नाही’! दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या. डोळ्यांना काडीचा फरक दिसेना. मग अक्षरं फोडून छापली:

```python
print([hex(ord(c)) for c in nav])
```

फरक ‘ऱ्या’मध्ये होता.

मराठीत हा अर्धा र आपला खास. दाऱ्या, दऱ्या, खोऱ्यात, कुऱ्हाड, सगळीकडे. हिंदीत ‘आचार्य’मधल्या रफारानं काम भागतं, आपल्याला ‘आचाऱ्याला’ म्हणताना ही आडवी छोटी रेघ लागते. आणि कॉम्प्युटरमध्ये ही रेघ एकापेक्षा जास्त रस्त्यांनी काढता येते. जुन्नरच्या पश्चिमेला कोकणात उतरणारा दाऱ्या घाट आहे, त्याचं नाव घेऊन बघू. त्यातलं ‘ऱ्य’ असं लिहिता येतं:

```python
a = "\u0931\u094d\u092f"
b = "\u0930\u094d\u200d\u092f"
c = "\u0930\u093c\u094d\u092f"
print(len(a), len(b), len(c))   # 3 4 4
```

पहिल्यात `U+0931`, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग `U+200D` नावाचं एक अदृश्य चिन्ह, जे फक्त ‘हे असं जोड’ एवढं सांगतं, आणि मग य. तिसऱ्यात साधा र आणि नुक्ता वेगवेगळे. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पण हॅशला पडदा दिसत नाही, बाइट दिसतात. एक बाइट बदलला की एसएचए-२५६ पूर्ण वेगळं उत्तर देतं, ते त्याचं कामच आहे. मी लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट कीबोर्डनं टाइप केलं होतं, तो पहिला प्रकार देतो. मुकादमाच्या फोनचा कीबोर्ड दुसरा देत होता.

यादीत शोधलं तर असा अर्धा र असलेली एकतीस नावं निघाली. बाकी ७६९ कुठल्याही फोनवर बरोबर चालत होती, म्हणूनच पहिला आठवडा छान गेला. काही फोनवर ही एकतीसही चालत असणार. दोष तपासायला गेलं तर सापडायचा नाही, आणि नेमका खोऱ्याच्या मळ्यात सापडायचा.

इथं माझा एक मित्र वाद घालतो. तो म्हणतो, हा फॉल्स निगेटिव्ह नाहीच. तू यादीत एक मजकूर घातलास, मुकादमानं दुसरा विचारला, फिल्टरनं ‘नाही’ म्हटलं, बरोबरच म्हटलं. गणित शाबूत आहे. मला त्याचं म्हणणं पटतं. पण गणितातला ‘घटक’ म्हणजे बाइटांची माळ, आणि मुकादमाच्या मनातला घटक म्हणजे ओढ्यापलीकडचा तो मळा. फिल्टरचं वचन पहिल्याबद्दल आहे. मी पोस्टरवर वचन दिलं होतं दुसऱ्याबद्दल, आणि मधलं अंतर भरून काढायचं काम माझं होतं.

ते भरायला युनिकोडचं एक ठरलेलं रूप आहे, एनएफसी. त्यानं तिसरा प्रकार पहिल्यासारखा होतो. मला वाटलं सुटलं. पण दुसऱ्या प्रकाराला एनएफसी हात लावत नाही, ते अदृश्य चिन्ह तसंच राहतं. आणि नेमका तोच प्रकार आमच्या फोनवर येत होता. म्हणून स्वतः बदलावं लागलं:

```python
import unicodedata

def saaf(s):
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
    return " ".join(s.split())
```

शेवटची ओळ जादा स्पेस काढते. नावामागे कीबोर्ड स्वतःहून स्पेस टाकतो, तीही एक ‘नाही’ची वाट. आणि हे फंक्शन दोन्हीकडे लागतं, यादी भरताना आणि विचारताना. फक्त अॅप सुधारून जुनी पोस्टर तशीच ठेवली असती तर ज्या फोनवर आधी बरोबर चालत होतं तिथंही काही नावं बिघडली असती. म्हणून सगळी पोस्टर फाडून नवी लावली. दादा एका दिवसात सगळीकडे फिरला.

आता जे `saaf` करू शकत नाही ते. कुणी ‘नारायणगाव’ लिहितो, कुणी अजूनही ‘नारायणगांव’. कुणी ‘ओतूर’, कुणी ‘ओतुर’. कुणी ‘नवी वस्ती’, कुणी ‘नवीवस्ती’. गांववरचा अनुस्वार आणि नावातल्या स्पेस यांच्यासाठी मी नियम घातले, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या-उकार सगळे एकच धरले. त्यामुळे दोन वेगळ्या वस्त्या कधी एक होतात आणि ‘असू शकेल’ जास्त येतं. ती दिशा मला चालते. पण त्याच मळ्याला शेजारी दुसऱ्याच नावानं ओळखत असतील तर कुठलाही नियम पुरा पडत नाही.

विझणाऱ्या दिव्यांचं राहिलं, ते थोडक्यात. हंगामाच्या मध्यावर दादा म्हणाला, अमक्या शिवारातला बिबट्या पिंजऱ्यात आला, ते नाव काढ. मी हात चालवणारच होतो. त्या नावाचे सात बिट बंद करायचे, झालं. पण वरचं उदाहरण आठवा. मंचर काढायला ४, ७, १४ विझवले तर ७ नारायणगावचाही होता. नारायणगाव गेलं! आमच्या फिल्टरमध्ये ८००० बिटांवर आठशे नावांच्या साताप्रमाणे ५६०० खुणा आहेत, म्हणजे एका दिव्यावर सरासरी ०.७ इतर नावं टेकलेली. सात दिवे विझवले की जवळपास पाच दुसरी नावं यादीतून गायब, आणि कुठली पाच ते दिव्यांकडे बघून कळत नाही. यासाठी प्रत्येक दिव्याजागी मोजणी ठेवणारा प्रकार असतो, पण चार बिटांची मोजणी धरली तरी आकार चौपट, म्हणजे ४००० बाइट, आमच्या क्यूआरच्या बाहेर. शिवाय त्यातूनही कधी न घातलेलं नाव चुकून काढलं तर हाच घोळ होतो. आम्ही सोपं केलं: वहीतलं नाव खोडायचं आणि फिल्टर पहिल्यापासून बनवायचा. आठशे नावांना सेकंदही लागत नाही. आणि खरं सांगू, ते नाव आम्ही खोडलंच नाही. एक बिबट्या पकडला म्हणून तिथं दुसरा येत नाही, असं आमच्या भागात कुणी म्हणणार नाही.

या प्रकरणानंतर मी चाचणीची पद्धत बदलली. फॉल्स पॉझिटिव्ह पूर्ण तपासता येत नाहीत, कारण जगातली सगळी नावं कोण विचारणार, फक्त अंदाज बांधता येतो. फॉल्स निगेटिव्ह मात्र शेवटच्या नावापर्यंत तपासता येतात, कारण घातलेली नावं मोजकी आहेत. फक्त तपासणी खऱ्या वाटेनं व्हायला हवी. आता दर नव्या पोस्टरचा छापील कागद एका वेगळ्याच फोननं स्कॅन होतो. मग प्रत्येक नाव, अर्ध्या र चे तिन्ही प्रकार करून, मागे स्पेस टाकून, त्या फोनवरच्या अॅपमधून विचारलं जातं. एकालाही ‘नाही’ आलं तर तो गठ्ठा रद्द. दोनदा झालाय. एकदा छपाईवाल्यानं जुनीच फाइल छापली होती, त्यात आठवडाभरातली नवी नावं नव्हती.

तुम्ही मोठ्या सिस्टिमवर काम करत असाल तर तिथंही हेच आहे. कॅसँड्रासारखा डेटाबेस डिस्कवरची फाइल उघडायच्या आधी तिच्या ब्लूम फिल्टरला विचारतो आणि ‘नाही’ आलं की फाइल उघडतच नाही. फिल्टर बनवताना एक हॅश आणि वाचताना दुसरा लागला, तर डेटा डिस्कवर सुखरूप असतो आणि वापरणाऱ्याला ‘नाही’ मिळतं. एररही येत नाही, लॉगमध्येही काही दिसत नाही.

आणि शेवटी दादाचा प्रश्न. सगळं समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, “बरं, आता तुझं मशीन ‘नाही’ म्हणालं की बिबट्या नाही, असंच ना?” मी म्हटलं, नाही रे दादा. त्याचा अर्थ एवढाच की तुझ्या वहीत ते नाव नाही. तो हसला. म्हणाला, “मग ते तसं लिही ना तिथं. मुकादमाला वही कुठं दिसतेय?”

आधी तिथं हिरव्या रंगात मोठं ‘नाही’ लिहिलेलं होतं. मी ते त्याच रात्री काढलं. आता तिथं करड्या रंगात येतं: ‘या नावानं नोंद सापडली नाही. शेजाऱ्यांना विचारा. दुसरं नाव असेल तर तेही टाकून बघा.’ आणि त्याखाली दादाचा नंबर. या हंगामात त्यावर रोज चार-पाच फोन येतात, आणि त्यातून वहीत नव्यानं लिहिलेली नावं आता नऊशेच्या वर गेलीत. परवा मला बिट वाढवून दहा हजार करावे लागले.